आजोबांचा आकडा आणि डार्वासचा बॉक्स

आमच्या घराच्या गॅलरीत उभं राहिलं की कॉटन ग्रीन स्टेशनवरून सुटणाऱ्या हार्बर लाइनच्या गाड्यांचा आवाज येतो. काळाचौकीत वाढलेल्या कुणालाही हे नाव लहानपणापासून पाठ असतं, पण इथं कापूस कसला, हे कुणी सांगत नाही. एके काळी मुंबईचा कापूस बाजार कुलाब्याला भरत असे. 1920च्या दशकात तो शिवडीच्या बाजूला हलला, गोदामं आणि एक्स्चेंजची इमारत उभी राहिली, आणि स्टेशनला नाव चिकटलं. पलीकडे कापसाचा व्यापार, अलीकडे तो कापूस कातणाऱ्या गिरण्या आणि त्यांत काम करणारी आमची माणसं.

आजोबा त्यातलेच. पन्नासच्या दशकात ते कोकणातून आले आणि गिरणीत लागले. आजी सांगते, पगारातला थोडा भाग दर महिन्याला ‘आकड्यावर’ जायचा. "अमेरिकेतून आकडा यायचा," असं ती म्हणायची, तेव्हा मला ती काहीतरी गंमत सांगते आहे असं वाटायचं. पण ते शब्दशः खरं होतं. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजमध्ये कापसाचा भाव किती उघडला आणि किती बंद झाला, हे तारेनं मुंबईच्या कापूस बाजारात कळायचं, आणि त्या भावांच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. 1961मध्ये न्यूयॉर्कहून हे भाव येणं बंद झालं. मग 1962मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि 1964मध्ये रतन खत्री यांनी चिठ्ठ्या आणि पत्ते काढून आकडा ठरवायला सुरुवात केली. त्यालाच पुढे अख्ख्या मुंबईनं मटका म्हटलं.

हे सगळं आठवण्याचं कारण म्हणजे गेल्या वर्षी बाबांनी मला विचारलेला एक प्रश्न. मी लॅपटॉपवर एका शेअरचा चार्ट उघडून बसलो होतो. त्यावर दोन आडव्या रेघा ओढल्या होत्या, एक वर, एक खाली. बाबा मागे उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, "तूही आकडाच लावतोस ना?"

मी तेव्हा हसून नाही म्हणालो. पण नाही का, ते मला नीट सांगता आलं नाही. ते सांगता यावं म्हणून हा लेख.

त्या दोन रेघांना डार्वास बॉक्स म्हणतात. निकोलस डार्वास हा शेअर बाजारातला माणूस नव्हता. हंगेरीत 1920 साली जन्मलेला, महायुद्धात देश सोडून पळालेला, आणि पुढे अमेरिकेत व्यावसायिक नर्तक झालेला माणूस. ज्युलिया ही त्याची नृत्यातली जोडीदार. 1952मध्ये कॅनडातल्या एका कार्यक्रमाच्या मोबदल्यात त्याला ब्रिलंड नावाच्या खाण कंपनीचे शेअर देऊ केले गेले. कार्यक्रमाला तो जाऊ शकला नाही, पण शेअर त्यानं विकत घेतले. पन्नास सेंटला घेतलेला शेअर दोन डॉलरच्या जवळ गेला आणि त्याला बाजाराची चटक लागली. पुढची काही वर्षं त्यानं आपण सगळे करतो तेच केलं. टिप घेतल्या, ब्रोकरचं ऐकलं, ताळेबंद वाचले, आणि पैसे घालवले.

नंतर 1956च्या अखेरीस तो दोन वर्षांच्या जागतिक दौऱ्यावर निघाला. आता न्यूयॉर्कच्या ब्रोकरशी संबंध फक्त तारेनं. रोज संध्याकाळी जिथं असेल तिथल्या हॉटेलात एक तार यायची, तिच्यात शेअरच्या नावाचं पहिलं अक्षर आणि पुढे भाव. सोबत ‘बॅरन्स’ हे साप्ताहिक विमानानं, काही दिवस उशिरा. अफवा नाही, बातमी नाही, कुणाचं मत नाही. म्हणजे ज्या काळात न्यूयॉर्कचे आकडे तारेनं मुंबईत येत होते आणि आजोबा त्यांवर पैसे लावत होते, त्याच काळात न्यूयॉर्कचे दुसरे काही आकडे तारेनं सायगाव नि काठमांडूत डार्वासकडे जात होते. दोघांकडेही फक्त आकडे होते.

डार्वासनं त्या आकड्यांकडे बघत एक गोष्ट हेरली. वर जाणारा शेअर सरळ वर जात नाही. तो एक टप्पा चढतो, मग काही दिवस एका पट्ट्यात वरखाली होतो, मग पुढचा टप्पा चढतो. त्या पट्ट्याला त्यानं बॉक्स म्हटलं. पण बॉक्स डोळ्यांना दिसतो म्हणून ओढायचा नाही, तो ओढण्याचा नियम आहे. आणि खरी मेख त्या नियमाच्या क्रमात आहे.

मी माझ्याच एका सौद्यातून तो सांगतो. कंपनी छोटी होती, नावाची गरज नाही. शेअरनं वर्षभरातला सगळ्यात वरचा भाव गाठला, 412 रुपये. हा नवा उच्चांक असणं ही पहिली अट. पडलेल्या, मध्येच घुटमळणाऱ्या शेअरला बॉक्स लावायचा नाही. पुढच्या तीन दिवसांत दिवसाचे सर्वांत वरचे भाव होते 408, 410 आणि 405. सलग तीन दिवस 412ला हातही लागला नाही, म्हणून 412 ही छत ठरली. ध्यानात घ्या, ज्या दिवशी 412 झाले त्या दिवशी ती छत आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. ते तीन दिवसांनी कळलं.

छत पक्की झाल्यावरच तळ शोधायचा, आधी नाही. घसरताना सर्वांत खालचा भाव 396 झाला होता. त्यानंतरच्या तीन दिवसांत खालचे भाव 398, 399, 401 असे राहिले. सलग तीन दिवस 396 तुटला नाही, म्हणून तो तळ. आता बॉक्स पूर्ण झाला: वर 412, खाली 396. याच्या आत शेअर कितीही नाचला तरी काहीही करायचं नाही. छत तुटली तर खरेदी, म्हणजे 412च्या किंचित वर, मी 412.50 ठरवले. आणि खरेदी होताक्षणीच स्टॉपलॉस तळाच्या किंचित खाली, 395.50. त्याखाली गेला तर प्रश्न न विचारता विक्री.

या दोन भावांतला फरक 17 रुपये. इथं किती शेअर घ्यायचे याचं उत्तर आपोआप मिळतं. मला या सौद्यात जास्तीत जास्त 3,400 रुपये गमवायची तयारी होती, म्हणून 200 शेअर. खात्यात किती पैसे पडून आहेत किंवा कंपनी किती आवडते यावर संख्या ठरत नाही, बॉक्सच्या उंचीवर ठरते. बॉक्स दुप्पट उंच असता तर मी 100च घेतले असते.

पुढे शेअर वर गेला आणि वरच्या पट्ट्यात नवा बॉक्स तयार झाला, तर स्टॉपलॉस त्या नव्या बॉक्सच्या तळाखाली उचलायचा. तो कधीही खाली आणायचा नाही. ‘नफा किती झाला की विकायचं’ असा नियमच या पद्धतीत नाही. शेअर बॉक्सवर बॉक्स रचत जाईल तोवर बसून राहायचं आणि एखादा तळ तुटला की बाहेर.

डार्वासनं हे सगळ्यात नीट करून दाखवलं ते लॉरिलार्ड या सिगारेट कंपनीच्या शेअरमध्ये. 1957च्या शरद ऋतूत अमेरिकेचा बाजार पडत होता आणि हा एक शेअर पडायला तयार नव्हता. त्यांची केंट ही फिल्टर सिगारेट तेव्हा जोरात खपू लागली होती, पण सायगावमध्ये बसलेल्या डार्वासला ते नंतर कळलं. त्याला फक्त एवढंच दिसलं की उलाढाल एकदम वाढली आहे आणि शेअर 24 ते 27च्या पट्ट्यात उभा आहे. त्यानं तारेनं ऑर्डर पाठवली: साडेसत्तावीसला 200 शेअर, स्टॉपलॉस 26. खरेदी झाली. काही दिवसांत शेअर बरोबर 26पर्यंत आला, स्टॉपलॉस लागला, आणि तो बाहेर फेकला गेला. त्याच दिवशी शेअर पुन्हा वर निघाला.

इथं बहुतेक माणसं काय करतील हे मला ठाऊक आहे, कारण मीही तेच केलं आहे. शेअरवर राग धरायचा आणि त्याच्याकडे परत बघायचं नाही. किंवा ‘पुन्हा साडेसत्तावीसला येऊ दे, मग घेतो’ म्हणून वाट बघत बसायचं. डार्वासनं तोच शेअर पावणेएकोणतीसला पुन्हा घेतला. आधीच्या खरेदीपेक्षा सव्वा डॉलर महाग, दीड डॉलर तोटा सोसून झाल्यावर, आणि स्टॉपलॉस पुन्हा 26वरच. त्याचं म्हणणं एवढंच होतं की नियमानं बॉक्स तुटला आहे, मग मी आधी काय भावानं घेतलं होतं हे त्या शेअरला माहीत नाही. पुढे 35, साडेछत्तीस आणि त्याहून वरच्या भावाला त्यानं आणखी शेअर घेतले, म्हणजे भाव चढत असताना भर घातली. 1958च्या मे महिन्यात सगळे शेअर 57च्या आसपास विकले. पहिल्या प्रयत्नात दलाली सोडून 300 डॉलर गेले, आणि अखेरीस साधारण 21,000 डॉलर नफा राहिला, असा त्याचा हिशेब आहे.

हे वाचून मी भारावलो आणि इंजिनिअर जे करतो ते केलं. एका शनिवार-रविवारी पायथनमध्ये नियम लिहिले आणि जुन्या भावांवर चालवले. निकाल इतका सुंदर आला की मला संशय यायला हवा होता. तो आला पुढच्या आठवड्यात. माझ्या कोडनं असं धरलं होतं की छत तुटली की मला छतीच्याच भावाला शेअर मिळतो आणि तळ तुटला की तळाच्याच भावाला माझा शेअर विकला जातो. पण शेअर सकाळी उघडतानाच छतीच्या वर उडी मारून उघडला तर? किंवा तळाच्या खाली कोसळून? मधल्या भावाला सौदा झालेलाच नसतो. दुरुस्ती दोन ओळींची होती:

```python
buy  = max(day_open, top + 0.50)
sell = min(day_open, bottom - 0.50)
```

म्हणजे घेताना उघडलेला भाव आणि ठरवलेला भाव यांपैकी जो महाग तो, आणि विकताना जो स्वस्त तो. या दोन ओळी घातल्यावर नफ्याचा मोठा भाग नाहीसा झाला. उरलेल्यातला काही भाग आणखी एका कारणानं खोटा होता. मी आजच्या मोठ्या कंपन्यांची यादी घेऊन त्यांचे दहा वर्षांपूर्वीचे भाव तपासत होतो. आज त्या मोठ्या आहेत म्हणजे त्या वर गेल्या हे आधीच ठरलेलं. ज्या बुडाल्या त्या माझ्या यादीत नव्हत्याच. तुम्हाला कुणी बॉक्सचा भरघोस निकाल दाखवला तर हे दोन प्रश्न आधी विचारा: उडीच्या दिवशी भाव कुठला धरला, आणि यादी कोणत्या वर्षाची होती.

कागदावर हे समजूनही मी तो 412वाला सौदा केला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेअर 404वर बंद झाला. चिंता नव्हती, स्टॉपलॉस 395.50ला लावलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची वाईट बातमी आली. आपल्याकडे अशा छोट्या शेअरला दिवसात किती पडता येईल याची मर्यादा असते, या शेअरची 5 टक्के होती. तो थेट 383.80ला उघडला आणि तिथंच कुलूप लागलं. विकणाऱ्यांची रांग, घेणारा एकही नाही. माझा स्टॉपलॉस जागा झाला, ऑर्डर गेली, आणि रांगेत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी 364.60, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी कुलूप उघडलं तेव्हा मी 350ला सुटलो. ठरवलेला तोटा 3,400 होता, झालेला 12,500. जवळजवळ पावणेचार पट.

तेव्हा कळलं की स्टॉपलॉस म्हणजे वचन नसतं, ती फक्त रांगेत उभं राहण्याची चिठ्ठी असते. समोर घेणारा असेल तरच ती चालते. म्हणून बॉक्सचे नियम ज्या शेअरमध्ये रोज भरपूर उलाढाल होते तिथंच लावावेत. डार्वास उलाढालीकडे आधी बघायचा, ते फक्त तेजी ओळखण्यासाठी असं मला वाटत होतं. बाहेर पडायला दार आहे की नाही हेही त्यातूनच कळतं.

बाबांना मी हे लपवलं नाही. ते आयुष्यभर कॉटन ग्रीनच्या एका गोदामात हिशेब लिहीत होते, त्यांच्यापासून आकडे लपवणं अवघडच. मी त्यांना सांगू लागलो की आकड्यात आणि यात फरक आहे, यात तोटा आधी ठरवलेला असतो. ते म्हणाले, "तुझ्या आजोबांचाही ठरलेलाच असायचा. रुपया लावला तर रुपयाच जायचा. तुझ्यासारखे पावणेचार नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते दोन दिवसांनी सुचलं, तेही त्यांच्याच भाषेत मांडल्यावर. मटक्यात शून्य ते नऊ असे दहा आकडे. एका आकड्यावर रुपया लावून तो लागला तर नऊ मिळतात. दहाही आकड्यांवर रुपया रुपया लावला तर दहा जातात आणि नऊ येतात. खेळ कितीही वेळ चालवा, दर दहा रुपयांमागे एक रुपया दुसऱ्याच्या खिशात जाणार. जिंकण्याची रक्कम ठरलेली आहे आणि ती मुद्दाम कमी ठेवली आहे. आजोबांनी कितीही शिस्त पाळली असती तरी तो हिशेब बदलला नसता.

बॉक्समध्ये जिंकण्याची रक्कम कुणी ठरवलेली नाही. समजा दहा सौद्यांत सहा वेळा स्टॉपलॉस लागला. 3,400 प्रमाणे 20,400 गेले. मग उरलेल्या चार सौद्यांनी सरासरी 5,100हून जास्त दिले, आणि वर कर नि दलाली भागली, तर मी पुढे. लॉरिलार्डसारखा एखादा मिळाला तर खूप पुढे. पण ते चार सौदे तेवढं देतीलच, हे कोणताही नियम सांगत नाही. ते बाजारावर अवलंबून आहे. डार्वासची कमाईची मुख्य वर्षं 1958 आणि 1959, आणि ती अमेरिकी बाजाराची मोठ्या तेजीची वर्षं होती. बाजार आडवा पडला की शेअर छत तोडतो, तुम्हाला आत घेतो, आणि तळ तोडून बाहेर टाकतो, पुन्हा पुन्हा. अशा महिन्यांत दहात आठ स्टॉपलॉस लागतात. सलग लागलेले छोटे स्टॉपलॉस हीच बाजाराची दशा सांगणारी खूण असते, तेव्हा सौदे थांबवावेत. 1957च्या पडझडीत डार्वासला त्याच्या स्टॉपलॉसनी असंच बाजाराबाहेर काढलं होतं.

त्याच्या यशालाही प्रश्नचिन्ह आहेच. मे 1959मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं त्याच्यावर लिहिलं, 1960मध्ये वीस लाख डॉलर कमावल्याचा दावा करणारं त्याचं पुस्तक आलं, आणि ते तुफान खपलं. त्यानंतर न्यूयॉर्क राज्याचे अॅटर्नी जनरल लुई लेफकोविट्झ यांनी चौकशी करून म्हटलं की त्यांना फक्त 2,16,000 डॉलरच्या आसपासचा नफा सापडतो. ते प्रकरण पुढे टिकलं नाही. खरा आकडा कुठला हे आज मला ठरवता येणार नाही, आणि ठरवायची गरजही वाटत नाही. लॉरिलार्डमधला क्रम त्यानं प्रामाणिकपणे लिहिला आहे असं मला वाटतं, कारण त्यात त्याचा पहिला पराभव आहे.

त्यानं लिहिलेला आणखी एक पराभव मात्र आपल्यासाठीच आहे. दौरा संपवून तो न्यूयॉर्कला परतला आणि ब्रोकरच्या ऑफिसात जाऊन बसू लागला. आता तारेची वाट बघायला नको, भाव समोर, फोन हाताशी, आजूबाजूला बोलणारी माणसं. काही आठवड्यांत त्यानं सुमारे एक लाख डॉलर घालवले. नियम तेच होते, पण मिनिटामिनिटाला भाव दिसू लागल्यावर तो ते पाळेना. मग तो पॅरिसला निघून गेला आणि ब्रोकरांना सांगितलं, मला फोन करू नका, फक्त तार पाठवा.

आपल्या खिशात ते ऑफिस चोवीस तास असतं. मी ट्रेडिंग अॅपच्या सूचना बंद केल्या आहेत. बॉक्स दिवसाच्या भावांवर बनतो, तर बाजार बंद झाल्यावर दिवसातून एकदा बघणं पुरतं. खरेदीची आणि विक्रीची ऑर्डर रात्रीच लावून ठेवतो.

सौद्यांची वही मात्र आता बाबा लिहितात. मी एक्सेल शीट दिली होती, त्यांनी लाल कापडाची वही आणली. तारीख, छत, तळ, शेअर किती, एवढे रकाने मी सांगितले होते. त्यांनी शेवटी आपण होऊन दोन रकाने वाढवले: ‘ठरलेला तोटा’ आणि ‘झालेला तोटा’. पहिल्याच ओळीत 3,400 आणि 12,500 लिहिलं आहे. गेल्या आठवड्यात एक स्टॉपलॉस लागला, त्यांनी दोन्ही रकान्यांत 3,100 लिहिलं, आणि चष्मा काढत म्हणाले, "आता जुळतंय."